भाड्याच्या झाडांचं माहेर

आमच्या नर्सरीत सकाळी हिरवा उजेड येतो. वर हिरवी जाळी ताणलेली आहे, तिच्यातून गाळलेलं ऊन खाली उतरतं, आणि त्यात इंद्रायणीकडचं धुकं मिसळलं की कुंड्या जमिनीवर आहेत की तरंगताहेत तेच कळत नाही. चहाचा कप घेऊन मी मधल्या वाटेवर उभी राहते. मला वाटतं आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि मोशीच्या नव्या सोसायट्या, बस, दुचाक्या, सगळं वरून कुठूनतरी वाहत चाललंय. तेवढ्यात फाटकाकडून आमच्या ह्यांचा आवाज येतो, "ताई, तुमच्या गॅलरीत ऊन कुठल्या अंगानं येतं?" आणि मी तळातून थेट वर येते, ती चिडूनच.

कारण हा प्रश्न विचारला की अर्धा तास गेला. गॅलरी पूर्वेची की पश्चिमेची, समोर दुसरी इमारत आहे का, घरात पाणी कोण घालतं, सुट्टीत गावाला जाता तेव्हा झाड कुणाकडे ठेवता. सोयरीक जमवताना माणसं इतकं विचारत नाहीत. सगळं ऐकून मग हे म्हणणार, "मोगरा नका नेऊ, तो तुमच्याकडं रुसून बसंल. कढीपत्ता न्या." म्हणजे गिऱ्हाईक महागातलं मागतंय आणि हा माणूस त्याला स्वस्तातलं देतोय. वर कुंडीत आमच्या बांधावरची मूठभर माती टाकणार. म्हणे, माहेरची माती.

नाव घ्यायचं तर ज्ञानदेव. आणि मी शालन. माझं माहेर चिंचवडचं, म्हणून माझं बोलणं जरा सुधारलेलं आहे असं ह्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की ह्यांचं सगळंच सुधारायचं राहिलंय.

तर आमचा वाद हा एवढाच. ह्यांना घरांना झाडं विकायची होती, मला कंपन्यांना द्यायची होती.

घरगुती गिऱ्हाईक मला नको होतं असं नाही, पण त्याचा भरवसा काय? श्रावणात गर्दी, मेमध्ये चिटपाखरू नाही. एक तुळस नेणार आणि ती सुकली की तोंड पाडून परत येणार. कंपनीचं तसं नसतं. कंपनी झाडं विकत घेत नाही, भाड्याने घेते. आपण कुंड्या नेऊन ठेवायच्या, आपल्या माणसाने पाणी घालायचं, पानं पुसायची. एसीत आणि ट्यूबलाइटखाली झाड दमतं, म्हणून दर पंधरवड्याला दमलेली झाडं परत आणायची आणि ताजी नेऊन ठेवायची. एखादं मेलं तर कुणी रडत नाही, आपण मुकाट्याने दुसरं ठेवायचं, तशी अटच असते. महिन्याला एक बिल. पैसे उशिरा येतात, पण येतात. कुणी विचारत नाही की ऊन कुठल्या अंगाने येतं.

चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या ऑफिसांची व्यवस्था बघतात त्या दिव्या मॅडम. दोन-तीनदा जाऊन बसले त्यांच्यासमोर, तेव्हा कुठे त्यांनी एका इमारतीत करून बघायला सांगितलं. त्यांची मागणी अगदी सरळ होती. "सगळी झाडं एका उंचीची, एका रंगाच्या कुंडीत. फुलं नकोत, वास नको, कचरा नको. एक-दोन खेपा बघते. व्यवस्थित झालं तर उरलेल्या दोन्ही इमारतीही तुम्हालाच."

मी घरी आले ती हवेतच. पण तिन्ही इमारती घ्यायच्या म्हणजे एक अडचण होती. तिकडे जेवढी झाडं, तेवढीच इकडे विश्रांतीला असायला लागतात, नाहीतर बदलणार काय? तेवढी जागा एकाच ठिकाणी होती, फाटकापाशी. तिथे ह्यांची जाई, जास्वंद, गवती चहा, तुळशीची रोपं, सगळा घरगुती पसारा.

मी म्हटलं, "अहो, काम मिळालं की फाटकावरची विक्री बंद करावी लागेल."

हे जाईच्या वेलाला सुतळी बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "बरं." आणि दुसरी गाठ मारायला लागले. भांडले असते तर बरं झालं असतं. मी हट्टाने त्याच आठवड्यात पाटी रंगवून आणली, 'किरकोळ विक्री बंद'. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली. येता-जाता हे त्या पाटीकडे बघायचे आणि कामाला लागायचे. मला मात्र त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं, हे खरं.

पहिल्यांदा झाडं पोचवायला मीच जाणार होते. नेमकं त्याच दिवशी व्हेंडर नोंदणीसाठी बँकेचं पत्र लागलं, म्हणून मी बँकेत आणि टेम्पोबरोबर हे. मी बजावलं होतं, दिव्या मॅडम सांगतील तिथे ठेवायचं आणि यायचं. संध्याकाळी हे फार खुशीत परतले. "लई गोड माणसं हायेत गं," म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

झाडं बदलायचा दिवस आला तशी मी ताज्या झाडांचा टेम्पो घेऊन चाकणला गेले. कांद्याच्या ट्रकांमागे रखडत, कंपनीच्या बसगाड्यांना वाट देत, एकदाचं गेट गाठलं. पास काढला, वर गेले, आणि बघते तर झाडंच नाहीत. टेबलं स्वच्छ, कोपरे रिकामे. माणसं मान खाली घालून कॉम्प्युटरमध्ये बघताहेत. पलीकडच्या कारखान्याच्या शेडमधून पत्रे दाबणाऱ्या प्रेसचा आवाज येत होता, धप्प, धप्प, एका लयीत, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या छातीसारखा. एसीचा गारवा, तो आवाज आणि ती गप्प माणसं. क्षणभर मला वाटलं, मी इथे झाडं दिलीच नव्हती, सगळं स्वप्नातच झालं असेल.

मग कपाटामागून एक पान डोकावलं.

एक मनी प्लांट कपाटामागे, एक पाम जिन्याखाली, दोन कुंड्या मीटिंगच्या खोलीत पडद्याआड. लपवलेली. शाळकरी पोरं चिंचा लपवतात तशी मोठमोठ्या माणसांनी झाडं लपवली होती.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

पर्चेस विभागातली एक मुलगी होती, नेहा. ती म्हणाली, "काकांनी सांगितलं होतं ना, हे तुमचं. मग आज का नेताय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या ह्यांनी कंपनीत जाऊनही फाटकच उघडलं होतं. प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारलं होतं, "तुमच्याकडं उजेड कुठल्या अंगानं येतो?" प्रत्येकाला झाड निवडू दिलं होतं. मूठभर मातीसुद्धा टाकली होती. पैसे देणार कंपनी, हुकूम दिव्या मॅडमचा, आणि हा माणूस टेबलाटेबलाला झाड सोपवून आला होता. आता प्रत्येक जण त्या झाडाचा मालक होऊन बसला होता. भाड्याची झाडं ही, अदलाबदल चुकली तर धंदाच बसतो.

दिव्या मॅडम आल्या. हसावं की रागवावं हे त्यांनाच ठरवता येईना. म्हणाल्या, "शालनताई, माझ्या लोकांना समजवा तुम्हीच. झाडं बदलली नाहीत तर मला हे काम पुढे नेता येणार नाही."

मी समजावलं. ओरडून नाही, शांतपणे. म्हटलं, "अहो, ही दमलीत. पानांचा रंग बघा. त्यांना पंधरवडा मोशीला राहू दे. जाळीखाली, ओल्या मातीच्या वासात. माहेरी जाऊन येतील." माहेर हा शब्द ह्यांचा. माझ्या तोंडून कसा गेला कोण जाणे. पण कामी आला. एकेक कुंडी टेबलावर यायला लागली.

"पण परत हीच येईल ना?" नेहाने विचारलं.

भाड्याच्या धंद्यात असं कुणी कबूल करत नाही. या टेबलावरचं त्या टेबलावर गेलं तरी काडीचा फरक पडत नाही, म्हणून तर हा धंदा सोपा. पण समोर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हीच येईल. नावाची चिठ्ठी लावा." दिव्या मॅडमनी खांदे उडवले. त्यांना उंची सारखी आणि रंग हिरवा हवा होता, नाव कुणाचं का असेना.

सगळ्यात शेवटी स्टोअररूमच्या अंधारातून एकजण कुंडी घेऊन आला. क्वालिटी विभागातला, बुद्धरत्न नावाचा. पंचविशीतला असेल. कुंडीत शोभेच्या पानांची, लाल कडांची ॲग्लोनिमा. वरची पानं ठीक होती, पण खालची पिवळी पडून लोंबत होती.

"मावशी, ही जरा आजारी आहे," तो म्हणाला. "मी रोज पाणी घालतो तरी."

"आमचा माणूस घालतो ना पाणी?"

"तो घालतो. मीपण घालतो. बाटलीतलं."

शोभेची बाहेरची कुंडी बुडाला बंद असते, पाणी निघून जात नाही, आणि त्यात दोघांचं पाणी. मी बोट घातलं तर चिखल. मग अंधारात ठेवलेली. मी रागवणार होते, पण त्याने ती कुंडी ज्या तऱ्हेने धरली होती ते बघून शब्द गिळले.

"एवढी आवडते तर घरी एखादी विकत घेऊन का ठेवत नाहीस, बाळा?"

"कासारवाडीला राहतो मी. तळमजला. खिडकीसमोर भिंत आहे, ऊन येतच नाही. आई म्हणते, झाडाचे हाल कशाला करायचे." तो जरा हसला. "आणि इथे स्वतःचं काही टेबलावर ठेवता येत नाही. शिस्त आहे, टेबल मोकळं हवं. फोटोसुद्धा नाही. फक्त तुमची झाडं चालतात, कंपनीची म्हणून. ओव्हरटाइम धरला तर जागेपणी मी घरापेक्षा इथेच जास्त असतो, मावशी. काकांनी विचारलं, उजेड कुठून येतो, तर मला पहिल्यांदाच कळलं की माझ्या टेबलावर सकाळी उन्हाची एक पट्टी येते."

चिठ्ठीवर त्याने नाव लिहिलं नाही, 'खिडकीजवळची' असं लिहिलं. मी कुंडी टेम्पोत सगळ्यात पुढे ठेवली.

घरी येऊन ह्यांना जे बोलायचं ते बोलले. पोटभर बोलले. हे ऐकत होते आणि हातांनी ती ॲग्लोनिमा कुंडीतून सोडवत होते. मुळं काळी, मऊ, बोटाला चिकटणारी. वास सुटलेला.

"गेली," हे म्हणाले. मग धारदार सुरीने वरचा शेंडा कापला, चांगली तीन-चार पानं होती त्याला. काचेच्या बाटलीत पाणी घालून त्यात उभा केला. "ह्याला मुळं फुटतील. पर झाड व्हायला लई म्हैने लागतील."

"मला लई महिने नाहीत. दुसरी नेऊन ठेवीन. मेली तर दुसरी द्यायची, अशी अट आहे."

"दे की," हे म्हणाले. "चिठ्ठी त्याचीच लावशील ना?"

बस, एवढंच. ह्या माणसाने आयुष्यात माझ्याशी भांडण केलं नाही, म्हणूनच मी कधी जिंकले नाही.

तो पंधरवडा फार विचित्र गेला. दुपारी जाळीखाली खुर्चीत डोळा लागला की मला दिसायचं, चाकणहून आलेली झाडं आपापसात हळू बोलताहेत. नेहाची पाम सांगतेय, तिच्या टेबलावर फोन फार वाजतो. कुणाचा मनी प्लांट सांगतोय, त्याचा माणूस जेवताना एकटाच असतो. जाई, जास्वंद, गवती चहा फाटकापाशी बसून ऐकताहेत, सासुरवाशिणींचं ऐकावं तसं. जाग आली की पानांची नुसती सळसळ. पानं खरंच तजेलदार होत होती. मी चिठ्ठ्या तपासून कुंड्या रांगेत लावत होते, आणि एका चिठ्ठीपाशी दर वेळी हात थांबत होता. शेवटी तिच्या उंचीची, तिच्याच रंगाची दुसरी ॲग्लोनिमा काढली आणि ती चिठ्ठी तिला लावली. सख्ख्या बहिणी असत्या तरी एवढ्या सारख्या दिसल्या नसत्या.

चाकणला त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. झाडं आली, झाडं गेली. ज्याची त्याची चिठ्ठी बघून लोक हसत होते. नेहाने तर पामच्या पानाला हात लावून "आलीस?" विचारलं. दिव्या मॅडम एकेक टेबल बघत माझ्याबरोबर चालत होत्या आणि खूश दिसत होत्या. खिडकीजवळच्या टेबलावर मी शेवटची कुंडी ठेवली.

बुद्धरत्नने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टेबलावरची पाण्याची बाटली उचलून खाली पायाशी ठेवली.

"छान आहे, मावशी," तो म्हणाला. परक्या घरी चहा चांगला झालाय म्हणतात, त्या सुरात.

"सगळं सारखं, एकदम मस्त," दिव्या मॅडम म्हणाल्या. "शालनताई, तिन्ही इमारतींचं पक्कं समजा. आजच ऑर्डर काढते."

ज्यासाठी मी एवढी धावले ते शब्द कानावर पडले, आणि मला आनंद झाला नाही. उन्हाची ती पट्टी नव्या झाडावर पडली होती. झाड सुरेख दिसत होतं. अटीत बसत होतं. कंपनीचं काहीच गेलं नव्हतं. ज्याचं गेलं होतं त्याच्याशी माझा करार नव्हता. मी आयुष्यात ह्यांच्यासारखी कधी फाटकावर उभी राहिले नाही याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

"बाळा, ही ती नाही," मी म्हटलं. "ती गेली. मुळं कुजली होती. शेंडा वाचलाय, बाटलीत ठेवलाय काकांनी."

दिव्या मॅडम थांबल्या. त्यांना कळेना यात सांगण्यासारखं काय आहे.

बुद्धरत्नने मान डोलावली. "माझ्या पाण्याने ना?"

"मायेने," मी म्हटलं. "होतं असं घरोघरी."

त्याने नव्या झाडाची कुंडी जराशी फिरवली, पानं उन्हाकडे येतील अशी. मग विचारलं, "शेंडा कुठे आहे?"

"मोशीला. फाटकापाशी, जाईच्या खाली."

"रविवारी फाटक उघडं असतं? आईला घेऊन येईन म्हणतो. तिने कधी बघितली नाही. मी नुसतं सांगत असतो."

त्याच्यामागे नेहा होती. ती म्हणाली, "मग मीपण येईन. पाम कुठे राहते ते बघायला." आणखी दोघांनी मान वर केली.

भिंतीला टेकवलेली पाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, मीच रंगवून आणलेली. मी म्हटलं, "असतं. रविवारी तर असतंच."

मग दिव्या मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, दोन इमारती करते मी. नीट करते. तिसरीला माझ्याकडे जागा नाही."

"परवापर्यंत तर होती?"

"होती. आता तिथे माणसं येणार आहेत."

त्या म्हणाल्या, "तिसरीसाठी दुसरा माणूस बघावा लागेल मला. आणि तो उद्या तिन्हीही मागेल."

"मागू दे," मी म्हटलं. त्यांनी ऑर्डर दोन इमारतींची काढली.

मोशीला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि जाळीखालचा उजेड पुन्हा सकाळसारखा हिरवा झाला होता. आमचे हे फाटकावर एका बाईंना विचारत होते, सकाळचं ऊन की संध्याकाळचं. मी आत गेले, ती पाटी उचलली, बाहेर आणली. ह्यांचा चेहरा पडला.

जाईखाली दोन्हीकडे विटा रचल्या आणि त्यांवर ती पाटी आडवी टाकली, अक्षरं खाली करून. बसून बघितलं. दोन माणसं आरामात मावतील. ती बाटली उचलून मी शेजारी ठेवली. शेंड्याच्या बुडाशी पांढरा बारीक ठिपका दिसत होता.

"हे काय गं?" ह्यांनी विचारलं.

"रविवारी एक आई येणार आहे चाकणच्या पोराची," मी म्हटलं. "तिला उभं ठेवणार होतात का?"

हे त्या बाईंकडे वळून पुन्हा उन्हाचं विचारायला लागले, पण आवाज जरा ओला झाला होता. मी त्या पाटीवर बसून राहिले. अर्धा तास गेला असेल, मला घाई वाटली नाही.